पानाच्या विणीचा स्क्रीनशॉट आहे, ओळींची यादी कशी करू? टाके जुळत नाहीत

रानजाई · शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, बहिणीच्या बाळासाठी स्वेटर विणायला घेतलाय. पुढच्या बाजूला मधोमध उठावदार पानांची पट्टी आहे, एकावर एक अशी चार पानं. नमुना मैत्रिणीच्या पुस्तकातला. पुस्तक आता तिच्याकडे नाही, फोनमध्ये फक्त स्क्रीनशॉट उरलाय आणि तोही दोन-तीन जणींकडून फिरून आलेला.

तक्ता १९ चौकटी रुंद आहे. उजव्या कडेला १, ३, ५ असे १५ पर्यंत विषम आकडे आहेत, सम ओळी नाहीतच. काही चौकटींत ठिपका, काही कोऱ्या, काहींत गोल, काहींत तिरकी रेघ आणि बऱ्याचशा करड्या रंगाने भरलेल्या. सगळ्यात वरच्या ओळीत मधोमध तीन पायांची एक खूण आहे. खुणांचा अर्थ खाली दिलेला असणार, पण नेमका तोच भाग कापला गेलाय.

पट्टीच्या दोन्ही बाजूंना २४-२४ साधे टाके घ्यायचेत. म्हणून मी ४८ + १९ = ६७ टाके घातले. पहिली ओळ विणली तर शेवटी आठ टाके उरतात. तीनदा उसवलं. ते आठ टाके कुठे बसवायचे?

आणि दुसरं म्हणजे, दर ओळीला फोन उघडून चित्र मोठं करायचं आणि मग आपण कुठल्या ओळीवर होतो ते शोधत बसायचं, याचा कंटाळा आलाय. प्रत्येक ओळीपुढे टाक्यांचा आकडा असलेली, टिक करत जाता येईल अशी यादी करायची आहे. कशी करू?

गुळपोळी · शनिवार, रात्री ११:०५

सोप्पं आहे. करडी चौकट म्हणजे उलट टाका. माझ्याकडच्या पुस्तकात असंच आहे, उलट टाके गडद आणि सुलट पांढरे. करड्या चौकटी सोडून दिल्यास म्हणून टाके उरले.

आणि ओळीओळीला टाके मोजत बसू नकोस. जितके गोल तितक्याच तिरक्या रेघा असल्या की टाके तेवढेच राहतात. एवढं बघितलं की झालं.

रानजाई · शनिवार, रात्री ११:२०

पण मग ठिपका कशाचा? तो मी उलट धरला होता. आणि पहिल्या ओळीत गोल दोन आहेत, तिरकी रेघ एकही नाही.

गुळपोळी · शनिवार, रात्री ११:२४

अरे हो. मग छापण्यात चूक असेल.

सुईदोरा_४२ · रविवार, सकाळी ७:१५

छापण्यात चूक वगैरे काही नाही. रानजाई, प्रत्येक ओळीत करड्या चौकटी किती आहेत ते मोजून लिही. बाकी नंतर बोलू.

रानजाई · रविवार, सकाळी ९:३०

काकू, मोजल्या. पहिल्या ओळीत ६, तिसरीत ४, पाचवीत २, सातवीत एकही नाही. मग नववीत २, अकरावीत ४, तेरावीत ६ आणि पंधरावीत ८.

सुईदोरा_४२ · रविवार, सकाळी १०:०५

म्हणजे सातव्या ओळीत पान सगळ्यात रुंद, तिथे करडं काही नाही. पान अरुंद झालं की करडं वाढतं. बाळा, ती करडी चौकट टाका नाहीच. तिथे सुईवर काहीही नसतं. पान रुंद होणार म्हणून तक्ता काढणाऱ्याला सुरुवातीपासून १९ चौकटींची जागा धरावी लागते, आणि अजून जन्माला न आलेल्या टाक्यांची जागा तो करड्याने भरतो. पहिली ओळ उजवीकडून वाच: पाच ठिपके, तीन करड्या, गोल, कोरी, गोल, तीन करड्या, पाच ठिपके. बरोबर?

आता एक नियम लक्षात ठेव. करड्या सोडून ओळीत जितक्या चौकटी असतात, तितके टाके ती ओळ विणून *झाल्यावर* सुईवर असतात. विणण्याआधी किती हवेत ते वेगळं काढायचं. गोल म्हणजे जाळी, धागा सुईवरून घेऊन नवा टाका. तो आधी नव्हता, म्हणून वजा. तिरकी रेघ म्हणजे दोनचा एक. चौकट एकच दिसते पण खाल्लेले टाके दोन, म्हणून प्रत्येकी एक मिळव. तीन पायांची खूण म्हणजे तीनचा एक, तिथे दोन मिळव.

पहिल्या ओळीत १३ चौकटी, त्यातल्या २ जाळ्या. म्हणजे ओळ सुरू करताना ११ टाके हवेत. तू घालायला हवे होतेस ४८ + ११ = ५९. तू घातलेस ६७. ते आठ इथून आले.

गुळपोळीचं म्हणणंही तपासून बघ हवं तर. करडं उलट धरलं तर पहिल्या ओळीनंतर १९ टाके होतात. तिसऱ्या ओळीत पुन्हा १९ चौकटी आणि २ जाळ्या, म्हणजे सुरुवातीला १७ हवेत. हातात १९ आहेत. नाही जुळत. गडद म्हणजे उलट अशी पद्धत असते हे खरं, मीही असे तक्ते विणलेत. पण त्यात गडदाच्या जोडीला ठिपका नसतो.

जाळ्या आणि दोनचे एक ओळीत सारखे असावेत हे शालीच्या साध्या जाळीला लागू पडतं. इथे पान फुगतं आणि आवळतं. पूर्ण १६ ओळींत मिळून आठ टाके वाढतात आणि आठच कमी होतात, पण एकेका ओळीत हिशोब उघडाच असतो.

गुळपोळी · रविवार, सकाळी १०:३०

काकू, मान्य. माझी शाल चुकून बरोबर आली म्हणायची. :-)

मोगरा_पुणे · रविवार, सकाळी ११:१०

किती छान! मला पण मोराचा क्रॉसस्टिचचा तक्ता असाच स्क्रीनशॉटमध्ये मिळालाय. १४० चौकटी रुंद आहे. कुठल्या रंगाच्या किती लडी लागतील ते याच पद्धतीने निघेल का? गोल चिन्ह माझ्याकडे पण आहे, तो वजा करू का?

सुईदोरा_४२ · रविवार, सकाळी ११:४०

नको गं, काही वजा करू नकोस! क्रॉसस्टिचमध्ये टाका वाढत नाही की घटत नाही. तुझा गोल म्हणजे एखादा रंग असणार. तिथे ओळ म्हणजे नुसते सलग तुकडे: ६ निळे, ३ रिकामे, ११ हिरवे असे. सगळ्यांची बेरीज १४० आली की ओळ बरोबर उतरली. इंचाला १४ फुल्यांचं आयडा कापड घेतलंस तर मोर १० इंच रुंद होईल. लडींचं वेगळा धागा काढून विचार, इथे रानजाईचं राहून जाईल.

तळेगावकर · रविवार, दुपारी १:५०

मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही, सौ. विणते. पण बँकेत तीस वर्षं ताळे जुळवले, आणि काकूंनी वर जे सांगितलंय तो शुद्ध ताळा आहे: कालची अखेरची शिल्लक तीच आजची सुरुवातीची. तो हाताने कशाला जुळवायचा?

शीटमध्ये A रकान्यात ओळीचा क्रमांक, B मध्ये करड्या सोडून चौकटी, C मध्ये जाळ्या, D मध्ये दोनचे एक, E मध्ये तीनचे एक. दुसऱ्या रांगेत फक्त B2 मध्ये 11 लिहा, ते सुरुवातीचे टाके. पहिली ओळ तिसऱ्या रांगेत. मग F आणि G मध्ये हे लिहून खाली ओढत न्या:

```
F3:  =B3-C3+D3+2*E3
G3:  =IF(F3=B2,"ठीक","तपासा")
```

सम ओळींत टाके बदलत नसतील असं गृहीत धरलंय. बदलत असतील तर त्यांनाही रांगा द्याव्या लागतील.

रानजाई · रविवार, दुपारी ४:१५

काका, भरलं! सगळीकडे "ठीक" आलं, फक्त तेराव्या ओळीपुढे "तपासा". तेराव्या ओळीत १३ चौकटी, जाळी नाही, तिरकी रेघ एक. म्हणजे आधी १४ हवेत, पण अकराव्या ओळीनंतर १५ आहेत.

तळेगावकर · रविवार, दुपारी ४:४०

पंधराव्या ओळीपुढे "ठीक" आहे ना? मग चौकटी बरोबर मोजल्यात, आतली एखादी खूण चुकीची वाचलीय. चौकटींचा आकडाच चुकला असता तर "तपासा" लागोपाठ दोनदा आलं असतं, कारण तो आकडा या ओळीलाही लागतो आणि पुढच्या ओळीलाही. आमच्याकडे यावरूनच कळायचं की चूक नोंदीत आहे की शिलकेत.

सुईदोरा_४२ · रविवार, संध्याकाळी ५:२०

तळेगावकर, हे मलाही सुचलं नव्हतं. पन्नास वर्षं विणतेय.

रानजाई, ती ओळ मोठी करून बघ. एका बाजूला तिरकी रेघ आणि आरशातल्या जागी कोरी चौकट असं दिसत असेल तर कोरी चौकट खोटी आहे.

रानजाई · रविवार, संध्याकाळी ६:००

अगदी तसंच आहे! डाव्या बाजूची रेघ इतकी फिकट झालीय की चौकटीच्या कडेत मिसळून गेलीय. मैत्रिणीला सांगून तिच्या फोनमधलं मूळ चित्र फाइल म्हणून मागवलं, त्यात स्वच्छ दिसतेय. तिथे मोठं करून वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन स्क्रीनशॉट घेतले, मधली एक ओळ दोन्हींत येईल असे. आता सगळीकडे "ठीक".

ही माझी यादी, बघा बरोबर आहे का. सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट, जा म्हणजे जाळी. फक्त वरच्या ओळी लिहिते, खालच्या कळल्याच असतील:

९: उ५, उजवीकडे झुकणारा दोनचा एक, सु५, डावीकडे झुकणारा दोनचा एक, उ५ = १७
११: तसंच, मध्ये सु३ = १५
१३: तसंच, मध्ये सु१ = १३
१५: उ५, तीनचा एक, उ५ = ११

सुईदोरा_४२ · रविवार, रात्री ८:३०

आकडे बरोबर, आणि तरीही यादी चुकलीय. हे शीट पकडणार नाही.

तू चित्र डावीकडून वाचून लिहिलंस, मजकूर वाचतो तसं. सुलट बाजूची ओळ सुईवर उजव्या टोकापासून सुरू होते, म्हणून तक्त्यातही ती उजवीकडून वाचायची. एकचा आकडा उजव्या कडेला छापलाय तो त्यासाठीच. पान दोन्हीकडून सारखं असल्यामुळे पाच-पाच ठिपके, दोन-दोन जाळ्या कशाही वाचल्या तरी चालल्या. पण तिरक्या रेघा चालत नाहीत. चित्रात डावीकडची रेघ उजवीकडे झुकलेली आणि उजवीकडची डावीकडे, म्हणजे घराच्या छपरासारखी दिसते ना? विणताना आधी उजवीकडची येणार. म्हणून आधी *डावीकडे* झुकणारा, मग मधले सुलट, आणि शेवटी *उजवीकडे* झुकणारा.

उलट केलंस तर टाके तितकेच राहतील, पण पानाची कड गुळगुळीत न येता करवतीसारखी दातेरी येईल. चार पानं झाल्यावर लक्षात आलं की मग रडू येतं.

उजवीकडे झुकणारा साधा: दोन टाके एकत्र सुलट. डावीकडचा: दोन टाके एकेक करून सुलट विणल्यासारखे उचलून घ्यायचे, मग डावी सुई त्यांच्या पुढून घालून दोन्ही मागच्या बाजूने एकत्र विणायचे.

गुळपोळी · रविवार, रात्री ८:५०

म्हणजे सगळ्या ओळी उजवीकडून वाचायच्या. हे मला माहीत होतं.

सुईदोरा_४२ · रविवार, रात्री ९:१०

गोल विणत असशील, टोपी किंवा मोजे, तर सगळ्या. पुढे-मागे विणताना फक्त सुलट बाजूच्या. उलट बाजूच्या ओळी तक्त्यात छापल्या असतील तर त्या डावीकडून, आणि त्यातला ठिपका तेव्हा सुलट विणायचा, कारण खूण समोरून काय दिसतं ते सांगते. रानजाईच्या तक्त्यात त्या नाहीतच, पण यादीत मात्र हव्यात. "समोर दिसतात तसे" एवढं मनात धरून विणलं की नेमकं जाळीपाशी घोळ होतो, जाळी कशीच दिसत नाही, नुसता आडवा धागा असतो. सम ओळीत ती उलट विणायची. शिवाय टाके मोजायचे तेही सम ओळीनंतर. जाळी सुईवरून निसटायची असेल तर या दोन ओळींच्या मध्येच निसटते.

चिऊ_धारवाड · रविवार, रात्री १०:००

थोडं विषयांतर. माझी आजी धारवाडची, तिच्याकडचे कसुतीचे तक्ते मी फोटो काढून ठेवलेत. हा धागा वाचून त्यांचीही अशी यादी करायला बसले आणि अडकले. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, तो चौकटीत बसतो, तिथे ओळीने मोजणं जमतं. पण गवंतीचे टाके चौकटीत नसतात, चौकटींच्या रेघांवर असतात. सुई एक टाका घेत एक सोडत पुढे जाते आणि परत येताना सोडलेल्या जागा भरते. चौथ्या ओळीत किती टाके, याला काही अर्थच राहत नाही.

सुईदोरा_४२ · रविवार, रात्री १०:२५

नाहीच राहणार. गवंतीला ओळींची नाही, वाटेची यादी लागते. जातानाची वाट एका रंगाने काढ, येतानाची दुसऱ्या, आणि फाटा फुटतो तिथे क्रमांक दे. मी कसुती फार केलेली नाही, आजीला विचार फाट्यावर आधी कुठे वळायची ते.

चिऊ_धारवाड · रविवार, रात्री १०:३१

आजी म्हणते, "मोजायचं काय त्यात, हात जातो." :-(

रानजाई · सोमवार, दुपारी ३:१०

५९ टाके घातले, पट्टीच्या दोन्ही बाजूंना लाल लोकरीच्या गाठी अडकवल्या म्हणजे फक्त मधलेच टाके मोजायचे. पूर्ण यादी केली:

☐ १: उ५, जा, सु१, जा, उ५ → १३
☐ २: सु५, उ३, सु५ → १३
☐ ३: उ५, सु१, जा, सु१, जा, सु१, उ५ → १५
☐ ४: सु५, उ५, सु५ → १५
☐ ५: उ५, सु२, जा, सु१, जा, सु२, उ५ → १७
☐ ६: सु५, उ७, सु५ → १७
☐ ७: उ५, सु३, जा, सु१, जा, सु३, उ५ → १९
☐ ८: सु५, उ९, सु५ → १९
☐ ९: उ५, डावा दोनचा एक, सु५, उजवा दोनचा एक, उ५ → १७
☐ १०: सु५, उ७, सु५ → १७
☐ ११: उ५, डावा, सु३, उजवा, उ५ → १५
☐ १२: सु५, उ५, सु५ → १५
☐ १३: उ५, डावा, सु१, उजवा, उ५ → १३
☐ १४: सु५, उ३, सु५ → १३
☐ १५: उ५, तीनचा एक, उ५ → ११
☐ १६: सु५, उ१, सु५ → ११

शीटमध्ये याच्यापुढे चार रकाने केलेत, चार पानांसाठी टिक करायला. म्हणजे ६४ ओळी लिहायला नकोत.

पण पहिल्याच ओळीनंतर १३ ऐवजी १२ येताहेत. दोनदा विणली. यादी चुकली की मी?

सुईदोरा_४२ · सोमवार, दुपारी ४:००

यादी बरोबर आहे. पहिली जाळी हरवलीय, पैज लाव. पाच उलट विणून झाले की धागा पुढे असतो. पुढचा टाका सुलट म्हणून सवयीने तू तो सुयांच्या *मधून* मागे नेतेस, आणि जाळी होतच नाही. तो पुढेच राहू दे, सुलट टाका विणताना सुईच्या *वरून* मागे जाऊ दे. झाली जाळी. दुसऱ्या जाळीला उलट: सुलटनंतर धागा मागे असतो, तो सुयांच्या मधून पुढे आण, सुईवरून मागे ने आणि खालून पुन्हा पुढे आण, मग उलट विण. पूर्ण एक वेढा.

रानजाई · सोमवार, संध्याकाळी ७:४५

आले १३! पहिलं पान सोळाव्या ओळीपर्यंत झालं. कड एकदम गुळगुळीत. पण पानाच्या बुडाशी दोन भोकं सारखी नाहीत, डावीकडचं जरा मोठं दिसतंय.

सुईदोरा_४२ · सोमवार, रात्री ८:२०

ते असंच येतं. दुसऱ्या जाळीला पूर्ण वेढा, म्हणून धागा जास्त जातो आणि भोक मोठं. पहिलीला अर्धाच. मी तशीच ठेवते, धुऊन वाळवल्यावर बरंच मिटतं.

गुळपोळी · सोमवार, रात्री ८:४०

मी दुसरी जाळी उलट्या बाजूने घेते, म्हणजे धागा कमी जातो, आणि मागच्या ओळीत तो टाका मागच्या फासातून विणते. माझी भोकं सारखी येतात. (या वेळी खरंच माहीत आहे.)

सुईदोरा_४२ · सोमवार, रात्री ९:००

मागच्या फासातून विणलीस तर पिळा सुटतो की पडतो हे वेढा कुठून घेतला त्यावर आहे. पिळा पडला तर भोकच बुजेल. मी तुकडा विणून बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही.

रानजाई · सोमवार, रात्री ९:२५

आणखी एक शंका. पंधराव्या ओळीतली तीन पायांची खूण. यूट्यूबवर दोन तऱ्हा दिसल्या. एकीत एक टाका उचलून, पुढचे दोन एकत्र विणून, उचललेला वरून काढतात. दुसरीत दोन टाके एकत्र उचलून, एक विणून, दोन्ही वरून काढतात. मी पहिली केली. टोक किंचित डावीकडे कलल्यासारखं वाटतंय.

सुईदोरा_४२ · सोमवार, रात्री ९:५०

दोन्हींत तीनचा एकच होतो, त्यामुळे शीट दोन्हीला "ठीक" म्हणेल. दुसऱ्या तऱ्हेत मधला टाका वर सरळ उभा राहतो. मूळ नमुन्यात कुठली होती ते खुणांचा तो कापलेला भाग मिळाल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. दुसरं पान दुसऱ्या तऱ्हेने विण आणि शेजारी ठेवून बघ.

आणि एक आत्ताच लिहून ठेव, नंतर विसरशील. बगलेसाठी टाके बंद करायची वेळ पान अर्ध्यावर असताना आली, तर सुईवर ५९ च्या जागी ६७ पर्यंत टाके असतील आणि नमुन्यातले सगळे आकडे ५९ धरून लिहिलेले असतात. सोळावी ओळ संपल्यावरच बगलेला हात घाल. रुंदी मोजायची तीही तिथेच, सातव्या-आठव्या ओळीला मोजलीस तर उगाच स्वेटर मोठा वाटेल.

तळेगावकर · मंगळवार, सकाळी ८:१०

सौ.ने हा धागा वाचला आणि तिचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. तिच्याकडे सुलट टाक्याला o आणि जाळीला O अशी अक्षरं आहेत. मी हौसेने प्रत्येक चौकट एकेका सेलमध्ये टाइप केली आणि मोजायला COUNTIF लावलं, तर जाळ्या ढीगभर. ते लहान-मोठं अक्षर वेगळं मानत नाही. जाळीला J केलं, मग जुळलं. कुणी हा उद्योग करणार असेल तर आधीच वेगळी अक्षरं घ्या.

रानजाई · बुधवार, रात्री ११:३०

दुसरं पान झालं, तीनचा एक दुसऱ्या तऱ्हेने. टोक सरळ आलं. आता पहिल्या पानाचं टोक जास्तच वाकडं दिसतंय. उसवायचं म्हणजे १८ ओळी.

सुईदोरा_४२ · गुरुवार, सकाळी ६:५५

उसवू नकोस. सुई पानाच्या टोकापर्यंत आली की तो एकच टाका सोडून खाली पंधराव्या ओळीपर्यंत उतरव, क्रोशाच्या सुईने पुन्हा चढव. दुपारी उजेडात कर, आणि आधी एक फोटो टाक. कुठला टाका सोडायचा ते मी दाखवते.

रानजाई · गुरुवार, सकाळी ७:२०

काकू, पण दुसरं पान त्याच टाक्यातून सुरू होतं ना? तो सोडला तर वरचं अख्खं पान उलगडेल.

सुईदोरा_४२ · गुरुवार, सकाळी ७:४०

अगं हो की! चहा व्हायचा होता माझा. मग तिसरं-चौथं दुसऱ्या तऱ्हेनेच विण आणि पहिलं खाली पोटाशी आहे ते राहू दे.